घेणे, देणे आणि पडणे : संयुक्त क्रियापदांतील अर्थच्छटा



जमिनीचे कोणतेही खरेदीखत किंवा गहाणखत हाती घेऊन पाहिले, तर त्यात दोन पक्षांची नावे आढळतात. एकाला ‘लिहून घेणार’ म्हटलेले असते व दुसऱ्याला ‘लिहून देणार’. वास्तविक पाहता त्या कागदावरचे एक अक्षरही या दोघांपैकी कोणी लिहिलेले नसते. लिहिणारा दस्तलेखक निराळाच असतो. असे असताना दोघांच्याही नावापुढे ‘लिहून’ हा शब्द यावा, आणि त्यापुढील ‘घेणार’ व ‘देणार’ या दोन शब्दांनी जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे ठरावे, यात मराठी भाषेची एक मोठी खुबी दिसून येते. ज्या मुलाला ही खुबी उमगली नाही, तो पुढे मोठेपणी अशा कागदावर सही करील, परंतु आपण त्यात कोणत्या बाजूला उभे आहोत हे त्याला कळणार नाही. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे व नंतर आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची खते काढून जाळली. त्या खतांत ‘लिहून देणारा’ हा बहुधा निरक्षर कुणबी होता, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

‘लिहून घेणे’ व ‘लिहून देणे’ यांसारख्या रूपांना व्याकरणात संयुक्त क्रियापदे म्हणतात. त्यांत पहिला शब्द धातुसाधित असतो व मुख्य क्रिया तोच सांगतो. दुसरा शब्द सहायक क्रियापद असतो. त्याचा मूळचा अर्थ मागे पडतो, मात्र तो अगदी नाहीसा होत नाही. मुख्य क्रियेला तो एक छटा देतो. संयुक्त क्रियापद नेमके कोणते मानावे, याविषयी मराठी व्याकरणकारांमध्ये फार जुना वाद आहे. प्राथमिक शिक्षकाला त्या वादात शिरण्याचे कारण नाही. घेणे, देणे व पडणे ही तीन सहायक क्रियापदे कोणती छटा आणतात आणि ती मुलांना कशी दाखवून द्यावी, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

या तिन्हींचे मूळ अर्थ मुलांना ठाऊकच असतात. घेणे म्हणजे वस्तू आपल्याकडे आणणे, देणे म्हणजे वस्तू दुसऱ्याकडे जाऊ देणे, आणि पडणे म्हणजे आधार सुटल्यामुळे खाली येणे. सहायक म्हणून येताना यांतील वस्तू निघून जाते व दिशा तेवढी उरते. हे एकच सूत्र धरून चालले, तर पुढील सर्व उदाहरणे त्यात बसतात.

गावातील एका म्हातारीचा मुलगा मुंबईस गिरणीत कामाला होता, असे समजा. म्हातारीला लिहिता येत नाही. ती शाळेत येते, मजकूर सांगते आणि गुरुजी पोस्टकार्ड लिहितात. या एकाच प्रसंगाचे वर्णन दोन वाक्यांनी करता येते. ‘आजीने गुरुजींकडून पत्र लिहून घेतले’ हे एक, आणि ‘गुरुजींनी आजीला पत्र लिहून दिले’ हे दुसरे. घडलेली गोष्ट तीच, लिहिणारा हातही तोच. परंतु पहिल्या वाक्यात प्रसंग आजीच्या बाजूने पाहिला आहे. लिहिण्याचे फळ तिच्याकडे आले, म्हणून ‘घेतले’. दुसऱ्या वाक्यात तो गुरुजींच्या बाजूने पाहिला आहे. श्रम त्यांचे, पण फळ त्यांच्यापासून दुसऱ्याकडे गेले, म्हणून ‘दिले’. आता ‘गुरुजींनी पत्र लिहिले’ असे नुसते म्हटले, तर पत्र कोणासाठी लिहिले हे कळत नाही. त्यांनी स्वतःच्या भावालाही लिहिले असेल. सहायक क्रियापदाने जी भर घातली, ती नेमकी एवढीच व अशी आहे.

या वाक्यात ‘कडून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘रामाने सदरा शिवून घेतला’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. रामाने स्वतः सुईदोरा घेऊन शिवला असेल, किंवा शिंप्याकडे टाकून शिवविला असेल. दोन्हींत सदरा रामाचाच व रामासाठीच. ‘शिंप्याकडून’ हा शब्द घातला की पहिला अर्थ मावळतो. ‘गुरुजींनी मुलांकडून पाढे पाठ करून घेतले’ या वाक्यात पाठ करणारी मुले आहेत आणि करविणारे गुरुजी आहेत. येथे फळ गुरुजींच्या खिशात गेले असे नव्हे. मुलांनी पाढे पाठ करावेत हा त्यांचा हेतू होता व तो सिद्धीस गेला, म्हणून ‘घेतले’ शोभते.

घेणे या सहायकाचा अर्थ सांगताना ‘स्वतःच्या फायद्यासाठी करणे’ असे शिकविण्याचा प्रघात आहे. ‘अभ्यास करून घे’, ‘पाऊस येण्यापूर्वी गवत कापून घ्या’, ‘दोन घास खाऊन घे’ या वाक्यांना तो अर्थ चांगला लागू पडतो. परंतु ‘त्याने विळ्याने बोट कापून घेतले’, ‘तिने सगळ्यांत आपले हसे करून घेतले’, ‘आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला’ ही वाक्ये घ्या. यांत फायदा कोठे आहे? उलट नुकसानच आहे. म्हणून फायदा हा शब्द सोडून ‘क्रियेचे फळ करणाऱ्याकडेच येते’ असे सांगावे. ते फळ गोड असेल किंवा कडू असेल. बोट कापण्याचे उदाहरण वर्गात विशेष उपयोगी पडते. ‘माझे बोट कापले’ म्हणणारा मुलगा घडलेली गोष्ट सांगतो. दोष कोणाचा, याविषयी तो काहीच बोलत नाही. ‘मी बोट कापून घेतले’ म्हणणारा मुलगा मात्र आपल्याच हातून, आपल्याच निष्काळजीपणाने झाले, हे सुचवितो. आणि आई जेव्हा ‘बोट कापून घेतलेस ना शेवटी?’ असे विचारते, तेव्हा तिच्या बोलण्यातील सारा राग या एका ‘घेतलेस’मध्ये साठलेला असतो.

याच सूत्राने ‘ऐकणे’ व ‘ऐकून घेणे’ यांतील भेद उलगडतो. ‘पाटलांचे बोलणे त्याने ऐकले’ म्हणजे शब्द कानावर आले, किंवा त्याने पाटलांचा सल्ला मानला. ‘पाटलांचे बोलणे त्याने ऐकून घेतले’ म्हणजे ते बोलणे त्याने पुरते आत येऊ दिले, मध्ये तोंड घातले नाही. मानले की नाही, हे वाक्य सांगत नाही. पुष्कळदा ते मानलेले नसते, मुकाट्याने सोसलेले असते. सांभाळून घेणे, जुळवून घेणे, मिटवून घेणे, समजून घेणे ही सर्व याच कुळातील रूपे होत. यांत बाहेरची अडचण माणूस आपल्या अंगावर घेतो आणि पचवितो. ‘समजले’ व ‘समजून घेतले’ ही जोडी तर शिक्षकाच्या नित्य परिचयाची आहे. समजणे आपोआप घडते, समजून घेणे हे प्रयत्नाने करावे लागते. ‘समजले का?’ या प्रश्नाला मुलगा ‘हो’ म्हणतो, तेव्हा त्याने समजून घेतले आहेच असे नाही.

देणे या सहायकाच्या दोन दिशा आहेत. पहिलीत फळ कोणा माणसाकडे जाते. ‘आईने वेणी घालून दिली’, ‘भावाने गणित सोडवून दिले’, ‘शिपायाने दार उघडून दिले’ ही तशी वाक्ये. यांतील शेवटचे वाक्य फळ्यावर लिहून मुलांना विचारावे की, शिपायाने काय दिले? दार दिले काय? मुले हसतील आणि त्या हसण्यातच त्यांना कळून येईल की येथे देणे म्हणजे वस्तू देणे नव्हे. दुसऱ्या दिशेत घेणारा कोणीच नसतो. ‘जुनी टोपली फेकून दिली’, ‘वासरू सोडून दिले’, ‘गुरे हाकलून दिली’, ‘तो विचार सोडून दिला’. येथे वस्तू किंवा विचार करणाऱ्यापासून दूर गेला आणि त्याचा संबंध तुटला, एवढाच भाव आहे. ‘त्याने दगड फेकला’ म्हणजे नेम धरूनही फेकला असेल. ‘दगड फेकून दिला’ म्हणजे तो त्याला नकोसा झाला होता. सोडणे, फेकणे, टाकणे, हाकलणे, ढकलणे, पाठविणे यांसारख्या दूर करण्याच्या क्रियांबरोबर ही छटा प्रामुख्याने आढळते.

येथे एक फसवी जागा आहे आणि मुलांच्या वह्यांत ती वारंवार सापडते. ‘मुलाला पत्र लिहून द्या’ आणि ‘मुलाला पत्र लिहू द्या’ या वाक्यांत केवळ एका ‘न’चा फरक आहे. अर्थ मात्र उलटे आहेत. पहिल्यात मुलगा स्वस्थ बसतो व दुसरा कोणी त्याच्यासाठी लिहितो. दुसऱ्यात मुलगा स्वतः लिहितो आणि इतरांनी फक्त आड यायचे नाही. ‘लिहू’ हे ‘ऊ’ प्रत्ययाचे धातुसाधित आहे. त्याच्यापुढे देणे आले की परवानगीचा अर्थ होतो. ‘मुलांना खेळू द्या’, ‘गुरांना पाणी पिऊ द्या’, ‘तिला जत्रेला जाऊ द्या’. 1962 सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वी छापलेल्या पुस्तकांत हे रूप ‘लिहूं’, ‘जाऊं’ असे अनुस्वार देऊन लिहिलेले दिसते. काही भागांत बोलताना ‘जाऊ दे’ऐवजी ‘जाऊन दे’ असेच सर्रास म्हणतात. तेथील मुलगा लिहितानाही न घालतो. त्याच्या बोलीला हसू नये. ज्या रूपाला घरात एक अर्थ आहे, त्यालाच पुस्तकात दुसरा अर्थ आहे, हे त्याला वरील पत्राच्या जोडीने दाखवावे. ‘लिहून द्या’ म्हटले तर काम दुसऱ्याच्या गळ्यात पडते, हे एकदा दिसले की तो न कोठे गाळावा हे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

आता दुसरी शंका. ‘गुरुजींनी वह्या तपासून दिल्या’ हे संयुक्त क्रियापद आहे काय? गुरुजींनी वह्या तपासल्या आणि मग मुलांच्या हातात खरोखर दिल्या, असे असेल तर येथे दोन स्वतंत्र क्रिया आहेत. देणे आपला पूर्ण अर्थ राखून आहे, म्हणून ते संयुक्त क्रियापद नव्हे. परंतु शेजारच्या वर्गाचे शिक्षक आजारी होते, त्यांच्या वर्गाच्या वह्या गुरुजींनी तपासून दिल्या, असे म्हणावयाचे असेल, तर तेथे दिला तो श्रम, वही नव्हे. हे संयुक्त क्रियापद होय. दोहोंतील भेद ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. दोन शब्दांमध्ये ‘मग’ घालून पाहावा. ‘वह्या तपासून मग दिल्या’ हे पहिल्या अर्थाने चालते. ‘दार उघडून मग दिले’, ‘बोट कापून मग घेतले’, ‘विचार सोडून मग दिला’ ही वाक्ये कानाला ताबडतोब खटकतात. जेथे ‘मग’ खपतो तेथे दोन क्रिया, जेथे खपत नाही तेथे एक. ही कसोटी वाक्याला लावावयाची असते, सुट्या शब्दांना नव्हे. ‘निवडून घेणे’ हे भाजीबाजारात दोन क्रियांचे असते आणि दळणाआधी सुपातील गहू निवडून घेताना एकाच क्रियेचे असते.

सहायक क्रियापद अर्थ बदलते तसा वाक्याचा घाटही बदलते. ‘ती रडली’ हे कर्तरी वाक्य आहे. त्याचे ‘ती रडून घेतली’ असे होत नाही. ‘तिने रडून घेतले’ असे म्हणावे लागते. रडणे अकर्मक असले, तरी घेणे सकर्मक आहे आणि भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लावण्याचा अधिकार त्या सहायकाने आपल्याकडे घेतला आहे. ‘तो मनातले सारे बोलला’, पण ‘त्याने मनातले सारे बोलून घेतले’. मुलांच्या निबंधात ‘तो बोलून घेतला’ असे आढळले, तर ती केवळ प्रत्ययाची चूक समजू नये. वाक्याचा मुख्य क्रियाशब्द कोणता व रूप चालविणारा शब्द कोणता, हे त्या मुलाला अद्याप वेगळे दिसलेले नाही, असा तिचा अर्थ आहे.

अक्कलकोट, जत यांसारख्या कानडी सरहद्दीच्या तालुक्यांत ज्या मुलांची घरची भाषा कानडी आहे, त्यांना हा भाग सर्वांत लवकर कळण्याजोगा आहे. कानडीतही ‘कोळ्ळु’ म्हणजे घेणे व ‘कोडु’ म्हणजे देणे ही क्रियापदे अशीच जोडतात. ‘बरेदुकोळ्ळु’ म्हणजे लिहून घेणे आणि ‘बरेदुकोडु’ म्हणजे लिहून देणे. अशा मुलाला नियम सांगण्यापेक्षा त्याच्या भाषेतील जोडी त्याच्याच तोंडून वदवून घ्यावी.

पडणे हे सहायक या दोघांहून निराळ्या स्वभावाचे आहे. घेणे व देणे यांना करणारा लागतो, पडणे हे करणाऱ्याच्या हाती नसलेल्या गोष्टींचे असते. म्हणून ते बहुतेक अकर्मक धातूंबरोबरच येते. ‘फळ गळून पडले’ या वाक्यात फळ खरोखरच खाली पडले. येथे ‘मग’ची कसोटी लावण्यापूर्वीच दोन क्रिया दिसतात. ‘भिंत कोसळून पडली’ येथे कोसळणे आणि पडणे जवळजवळ एकच होते. ‘पुरामुळे गाड्या अलीकडच्या तीरावर अडकून पडल्या’ येथे काहीच खाली पडले नाही. हालचाल थांबली, आणि ती पुन्हा सुरू करणे गाडीवानांच्या हाती राहिले नाही, एवढेच. ‘त्याचा संसार मोडून पडला’ येथे तर पडण्याजोगी वस्तूच नाही. या चार वाक्यांच्या ओळीत पडण्याचा देह हळूहळू गळत जातो आणि असहायपणा तेवढा उरतो. वर्गात ही वाक्ये याच क्रमाने ठेवावीत, म्हणजे मूळ अर्थापासून छटेपर्यंतचा रस्ता मुलांना पावलापावलाने दिसेल.

‘येऊन पडणे’ याची छटा विशेष बोलकी आहे. ‘पाहुणे आले’ हे आनंदाने म्हणता येते. ‘ऐन लावणीत पाहुणे येऊन पडले’ असे म्हटले की घरधन्याच्या कपाळावरची आठी दिसते. ‘बाप गेला आणि घराचा भार थोरल्यावर येऊन पडला’ या वाक्यात तो भार थोरल्याने मागितलेला नाही. त्याच भाराविषयी ‘थोरल्याने भार उचलून घेतला’ असे म्हटले, तर तो आपण होऊन पुढे सरसावला असे होते. गोष्ट एकच, पण ‘पडला’मध्ये नाइलाज आहे आणि ‘घेतला’मध्ये निश्चय आहे.

या नियमाला दोन ठिकाणी वळण मिळते. ‘मुले आंब्यांवर तुटून पडली’ येथे मुले राजीखुशीने धावली, असहाय नव्हती. परंतु स्वतःला आवरणे त्यांच्या हाती राहिले नाही, हा भाव पडण्यानेच आणला आहे. दुसरे वळण ‘भाकऱ्या करून पडल्या आहेत, जेवायला कोणी नाही’ या वाक्यात दिसते. करणे हे सकर्मक, तरी पडणे जोडले गेले, कारण येथे करणारी वाक्यातून नाहीशी झाली आहे. राहिल्या त्या भाकऱ्या, झालेल्या आणि कोणी न विचारलेल्या. ‘भाकऱ्या करून दिल्या’, ‘भाकऱ्या करून घेतल्या’ आणि ‘भाकऱ्या करून पडल्या आहेत’ ही तीन वाक्ये शेजारी ठेवली, म्हणजे तिन्ही सहायकांचे स्वभाव एका दृष्टिक्षेपात येतात. तव्यासमोर बसणारी बाई एकच, परंतु पहिल्यात तिच्या श्रमाचे फळ दुसऱ्याकडे गेले, दुसऱ्यात ते काम उरकून तिची तिला मोकळीक झाली आणि तिसऱ्यात ते वाया गेले.

‘प्रश्न पडणे’, ‘विसर पडणे’, ‘भाग पडणे’, ‘बंद पडणे’ ही रूपे या वर्गात मिसळू नयेत. त्यांत पडण्याच्या आधी नाम किंवा विशेषण आहे, धातुसाधित नाही. तसेच हिंदीतील ‘जाना पड़ा’ याचे मराठी ‘जावे लागले’ असे होते. तेथील पडणे मराठीत लागणे होऊन येते, हे हिंदी शिकू लागलेल्या मुलांना आठवणीने सांगावे.

मुलाला हे कळले की नाही, हे पाहण्यासाठी व्याख्या विचारू नये. व्याख्या पाठ होते. त्याऐवजी एक प्रसंग द्यावा व तो दोन्ही बाजूंनी सांगावयास लावावा. शेतकरी लोहाराकडे जातो आणि फाळ धार लावून आणतो. ही गोष्ट प्रथम शेतकऱ्याच्या तोंडी घालावी, नंतर लोहाराच्या. पहिल्याने ‘मी फाळाला धार लावून घेतली’ म्हटले पाहिजे, दुसऱ्याने ‘मी धार लावून दिली’. नंतर विचारावे की, पावसाने सगळे काम थांबले आणि फाळ लोहाराच्या साळेतच राहिला, तर काय म्हणाल? ‘फाळ धार लावून पडला आहे’ हे वाक्य ज्या मुलाच्या तोंडून आपोआप आले, त्याला तिन्ही क्रियापदे समजली. जो मुलगा दोन्ही बाजूंना ‘धार लावली’ एवढेच म्हणतो, त्याचे वाक्य अशुद्ध नाही, परंतु कोणी केले आणि कोणाला मिळाले हे त्यात हरवले आहे. त्याला पुन्हा आजीच्या पोस्टकार्डाकडे न्यावे, आणि वरच्या इयत्तेतील असेल तर खरेदीखताचा पहिला परिच्छेद त्याच्यापुढे ठेवून विचारावे की, यात जमीन कोणाची गेली?